सरकती दिवाळी आणि दुकानाची मोजदाद

आजचा विषय वरवर पाहता दुकानदारीचा वाटेल. पण मुळात तो इतिहासाचा आहे, आणि थोडा पंचांगाचाही. कापडाच्या दुकानात दर आठवड्याला किती माणसं आली, याची मोजदाद आता यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गावांतल्या दुकानांतही होऊ लागली आहे. दारावर यंत्र बसतं, सोमवारी आकडा येतो, आणि महिन्याच्या शेवटी अहवालात एक रेषा निघते. ही रेषा वर चाललीय की खाली, यावरून दोन पोरांना कामावर ठेवायचं की कमी करायचं, सुरतेला मालाची ऑर्डर किती द्यायची, हे ठरतं. म्हणजे ती रेषा खोटी निघाली तर कुणाच्या तरी घरातली चूल त्यात अडकते.

आता बघा, ही रेषा खोटी का निघते? मोजणारा लबाड असतो म्हणून नाही. आपण मोजतो इंग्रजी तारखेने आणि लोक खरेदीला निघतात तिथीने, म्हणून.

आपण ठोस वर्षं घेऊ. २०१६ साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं, २०१७ साली १९ ऑक्टोबरला, आणि २०१८ साली ७ नोव्हेंबरला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून दिवाळी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. मग अधिक महिना पडला की एकदम मागे ढकलली जाते. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ होता, म्हणून १९ ऑक्टोबरवरून उडी थेट ७ नोव्हेंबरवर गेली. एकोणीस दिवसांचा फरक. आठवड्याच्या अहवालात हे जवळजवळ तीन ओळी खाली सरकणं झालं.

हिशेब समजावा म्हणून आम्ही एक काल्पनिक दुकान घेतो. तारखा खऱ्या आहेत, माणसांचे आकडे आम्ही मांडलेले आहेत. यवतमाळच्या बाजारपेठेतलं मध्यम कापड दुकान. २०१७ मध्ये १३ ते १९ ऑक्टोबर या सात दिवसांत ४,७५० माणसं आली. २०१८ मध्ये त्याच तारखांना आली २,३४०. अहवाल म्हणतो, गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. पुढे १ ते ७ नोव्हेंबर बघा. २०१७ मध्ये १,७१० आणि २०१८ मध्ये ४,८६०. आता तोच अहवाल म्हणतो, गिऱ्हाईक जवळपास तिप्पट झालं. दोन्ही वाक्यं मोजणीच्या दृष्टीने बरोबर आहेत आणि अर्थाच्या दृष्टीने दोन्ही चूक. दिवाळी फक्त जागा बदलून बसली.

ही अडचण आपल्याच काळाची आहे असं मात्र नाही. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६२ साली केंब्रिजमध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे एक निबंध मांडला. व्यापारात ठरावीक काळाने जे चढउतार येतात ते आधी ओळखून बाजूला काढावेत, तरच उरलेला अनियमित बदल दिसेल, असं त्याचं म्हणणं होतं. १८६६ मध्ये त्याने लंडनच्या नाणेबाजारावर शरद ऋतूत वारंवार येणाऱ्या ताणाचा अभ्यास केला. शरद ऋतू म्हणजे सुगीनंतरचे दिवस, रोख पैसा हलण्याचे दिवस. आपल्याकडेही याला नाव होतं. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत दीर्घकाळ वर्षाचे दोन भाग असत. नोव्हेंबर ते एप्रिल हा व्यस्त हंगाम आणि मे ते ऑक्टोबर हा मंद हंगाम. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. कापूस घरात आला की बाजार उठतो, आणि तो जिनिंगला गेला की पैसा फिरतो.

जेव्हन्सनंतरचा टप्पा अमेरिकेतला. फ्रेडरिक मॅकॉले याने १९२० च्या दशकात एक सोपी रीत रूढ केली. प्रत्येक महिन्याचा आकडा घ्यायचा, त्याच्या आजूबाजूच्या बारा महिन्यांच्या सरासरीने त्याला भागायचं, आणि निघालेल्या गुणोत्तरांची महिनावार सरासरी काढायची. ऑक्टोबरचं गुणोत्तर १.४ निघालं, तर ऑक्टोबर नेहमीपेक्षा चाळीस टक्के जास्त असतो असं धरायचं आणि कुठल्याही ऑक्टोबरच्या आकड्याला १.४ ने भागायचं. १९५४ साली ज्युलियस शिस्किन याने अमेरिकेच्या जनगणना खात्यात हेच काम युनिव्हॅक संगणकावर चढवलं. १९६५ च्या सुमारास त्यातून एक्स-११ नावाची पद्धत आली आणि जगभरच्या सरकारी कचेऱ्यांत ती पसरली.

ही रीत नाताळासाठी उत्तम चालते, कारण नाताळ २५ डिसेंबरच्या बाहेर जात नाही. दिवाळीला ती जशीच्या तशी लावली की काय होतं, ते आपल्या दुकानातच बघू.

त्यासाठी आधी पाया लागतो, म्हणजे सणाशिवायच्या साध्या आठवड्याला किती माणसं येतात ते. सगळ्या वर्षाची सरासरी इथे घेऊ नये, कारण तिच्यात दिवाळीची गर्दी मिसळलेली असते. जुलै ते सप्टेंबरमधले साधे आठवडे निवडावेत. चातुर्मासात लग्नाची खरेदी नसते, त्यामुळे हा काळ त्यातल्या त्यात सपाट. पण त्यातून पोळा आणि तान्हा पोळा, गणपती, आणि त्या वर्षी येत असेल तर ईद, यांचे आठवडे वगळावेत. उरलेल्यांची सरासरी न घेता मधला आकडा घ्यावा, म्हणजे संततधार पावसाचा एखादा आठवडा निकाल बिघडवत नाही. आपल्या दुकानाचा पाया २०१६ मध्ये २,०००, २०१७ मध्ये १,९०० आणि २०१८ मध्ये १,८०० होता असं धरू. म्हणजे दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक हळूहळू घटतंय. खरी बातमी ही आहे, आणि ती अहवालात दिसायला हवी.

आता १३ ते १९ ऑक्टोबर या तारखांचं पायाशी गुणोत्तर काढू. २०१६ मध्ये हे दिवस दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये पडले. गुणोत्तर समजा १.२. २०१७ मध्ये ऐन दिवाळी, २.५. २०१८ मध्ये दसरा १८ तारखेला होता आणि यवतमाळचा दुर्गोत्सव भरात होता, म्हणून १.३. तिघांची सरासरी येते सुमारे १.६७. या १.६७ ला कुठलंही वर्ष राहत नाही. अर्धी दिवाळी, अर्धी बिनदिवाळी असा तो आकडा आहे. त्याने २०१७ च्या ४,७५० ला भागलं तर २,८५० येतात, म्हणजे दुकान भरभराटीत. २०१८ च्या २,३४० ला भागलं तर १,४०० येतात, म्हणजे दुकान बुडालं. दुरुस्ती केलेला आकडाही खोटं बोलला, आणि दुरुस्त म्हणून आल्यामुळे त्यावर विश्वास जास्त बसला.

पाश्चात्त्य देशांनाही ही ठेच लागली होती, ईस्टरमुळे. तो मार्च आणि एप्रिलमध्ये सरकत राहतो. म्हणून पुढच्या काळात पद्धतींमध्ये सरकत्या सणाची वेगळी सोय झाली. रिझर्व्ह बँक आपल्या आकडेवारीतले हंगामी घटक काढते, तेव्हा अमेरिकी जनगणना खात्याच्याच प्रणालीत दिवाळीसाठी बदल करून घेते. तत्त्व एकच. सणाला तारखेवरून शोधायचं नाही, सणापासून दिवस मोजायचे.

दुकानात हे हाताने करता येतं. सोमवार ते रविवार हा आठवडा सोडून द्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संपणारे सात दिवस, हा एक गठ्ठा. त्याच्या आधीचे सात दिवस, दुसरा. असे मागे चार गठ्ठे आणि पुढे चार. हे गठ्ठे सात दिवसांचेच का? कारण मग प्रत्येकात एक रविवार आणि एक आठवडी बाजाराचा दिवस हमखास येतो. सोमवारचा आठवडा धरला तर २०१६ मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी होतं, म्हणून सगळी धावपळ त्याच आठवड्यात आली. २०१८ मध्ये ते बुधवारी होतं, म्हणून निम्मी गर्दी आदल्या आठवड्यात गेली. दसऱ्याचं ओझं यात आपोआप बसतं, कारण दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर तिथीनेच ठरतं आणि १९-२० दिवसांच्या बाहेर सहसा जात नाही. एक अट मात्र आहे. यासाठी रोजचे आकडे जपलेले हवेत. फक्त आठवड्याची बेरीज ठेवली असेल, तर गठ्ठे नव्याने बांधता येत नाहीत.

दिवाळीचा गठ्ठा घेऊ. २०१६ मध्ये ५,२००, २०१७ मध्ये ४,७५०, २०१८ मध्ये ४,८६०. पायाने भागलं की २.६, २.५ आणि २.७. मधला आकडा २.६. त्याने तिन्ही वर्षांना भागा. येतात २,०००, मग १,८२७, मग १,८६९. तिप्पट आणि निम्मं ही नाटकं संपली. पण नीट बघा, २०१८ मध्ये रेषा किंचित वर गेलीय, आणि आपला पाया सांगतो की गिऱ्हाईक घटलंय. हे कसं?

इथे यवतमाळ मध्ये येतं. पुण्यामुंबईच्या नोकरदाराला बोनस दिवाळीच्या आधी मिळतो, दिवाळी कधीही असो. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं तसं नाही. दिवाळी चंद्राने ठरते, पण कापूस पावसाने आणि उन्हाने ठरतो. जूनअखेर पेरलेली पऱ्हाटी १९ ऑक्टोबरला बहुतेक ठिकाणी पहिल्या वेच्यावर असते, पैसा अजून हातात नसतो. ७ नोव्हेंबरपर्यंत बऱ्याच घरांत एखादा वेचा विकून झालेला असतो. म्हणून उशिराच्या दिवाळीत तीच गर्दी थोडी फुगते. ही फुगही पंचांगाचीच देणगी आहे, दुकानदाराची कमाई नाही, म्हणून तीही काढायला हवी.

पण ती काढताना सापळा आहे. २०१८ ला २०१८ च्याच २.७ ने भागलं तर उत्तर पायाइतकंच येणार, यात काही सिद्ध होत नाही. फरक दुसऱ्या वर्षांतून आणावा लागतो. दारावर यंत्र नसलेल्या वर्षांच्या बिलांच्या वह्या इथे कामाला येतात. २००९ आणि २०१४ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात होती. २०१०, २०१२, २०१५ मध्ये नोव्हेंबरात. बिलांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे, म्हणून वह्यांवरून गुणांक उचलायचा नाही. उचलायचा तो फक्त लवकर आणि उशीर यांतला फरक. समजा वह्यांत उशिराची दिवाळी लवकरच्या दिवाळीपेक्षा आठ टक्के भारी निघाली. मग आपला २.६ लवकरच्या वर्षासाठी २.५ होतो आणि उशिराच्या वर्षासाठी २.७. आता ४,७५० ला २.५ ने भागा, १,९००. ४,८६० ला २.७ ने भागा, १,८००. घसरण दिसली. ती आधीपासून होती, दिवाळीने झाकली होती.

आता या विषयातली सगळ्यात नाजूक गोष्ट. काढायचं काय आणि ठेवायचं काय?

२०१७ चं वर्ष आठवा. त्या वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी आली. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बोंडअळीचा फटका पुढच्या वेच्यांना, म्हणजे दिवाळीनंतर बसला. त्याच्या आदल्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या होत्या. त्या वर्षीची दिवाळी आणि तिच्या पुढचे सात दिवस सुटले, पण दुसऱ्या गठ्ठ्यापासून बाजार कोसळला. म्हणजे नोव्हेंबर २०१७ ची तुलना नोव्हेंबर २०१६ शी केली, तर एका वाईट वर्षाची तुलना दुसऱ्या वाईट वर्षाशी होते, आणि अहवालात ‘सुधारणा’ दिसते.

दिवाळीनंतरचा तिसरा गठ्ठा बघू. २०१६ मध्ये तो १४ ते २० नोव्हेंबर. नोटाबंदीत आपल्या दुकानात समजा १,००० माणसं आली, गुणोत्तर ०.५. २०१७ आणि २०१८ मध्ये ०.९. सरासरी घेतली तर ०.७७ येते. २०१८ ला त्या गठ्ठ्यात १,६२० माणसं होती, त्यांना ०.७७ ने भागलं की २,१०० होतात. खाली जाणाऱ्या दुकानाला आपण कागदावर वर चढवलं. मधला आकडा घेतला तर तो ०.९, आणि उत्तर १,८००. म्हणजे नोटाबंदीला गुणांकात शिरू द्यायचं नाही. शिस्किनच्या पद्धतीतही अशा टोकाच्या आकड्यांचं वजन कमी करण्याची सोय होती, ती याचसाठी.

पण लक्षात घ्या, नोटाबंदीचा आठवडा गुणांकातून वगळला म्हणजे अहवालातून वगळला असं नाही. १,००० ला ०.९ ने भागून १,१११ हा आकडा रेषेवर तसाच खोल खड्डा म्हणून राहिला पाहिजे. बोंडअळीचंही तेच. दरवर्षी येणार हे आधीच ठाऊक असतं ते काढायचं. तिथी आधी ठाऊक असते. उशिराच्या दिवाळीला सर्वसाधारणपणे पैसा जास्त असतो, हेही ठाऊक असतं. या वर्षी कापूस गेला, हे मात्र आधी ठाऊक नव्हतं. ती बातमी आहे, ती ठेवायची. म्हणून बाजार समितीतली कापसाची आवक अहवालात शेजारी लिहावी, पण तिने गिऱ्हाईकाच्या आकड्याला भागू नये. भागलं तर दुष्काळ रेषेतून पुसला जाईल, आणि मालक म्हणेल, पोरं नीट काम करत नाहीत.

दुरुस्ती बिघडली आहे हे ओळखायचं कसं? दुरुस्त रेषेवर दिवाळीच्या जागी दरवर्षी खड्डा पडत असेल, तर गुणांक मोठा झालाय. दरवर्षी उंचवटा राहत असेल, तर लहान झालाय. लवकरच्या वर्षी उंचवटा आणि उशिराच्या वर्षी खड्डा, किंवा उलट, असं आलटूनपालटून दिसत असेल, तर सण अजून तारखेला बांधलेला आहे. उंचवटे शेजारच्या गठ्ठ्यांत दिसत असतील, तर गठ्ठे कमी घेतलेत. आणि एक वर्ष बाजूला ठेवून बाकीच्या वर्षांवरून गुणांक काढावा, मग तो त्या वर्षाला लावून बघावा. खरी परीक्षा ती.

दोन मर्यादा सांगून थांबतो. पहिली, यंत्राची. दारावर प्रकाशाचा आडवा किरण असेल, तर खांद्याला खांदा लावून शिरलेली तीन माणसं एकच मोजली जातात. दिवाळीत सगळं घर मिळून येतं, म्हणजे गर्दीत मोजणी नेमकी कमी पडते. तुमच्या २.६ मध्ये ही तूट मुरलेली आहे. पुढे छतावर कॅमेरा बसवला, तर जुना २.६ त्याला लावू नका. काही काळ दोन्ही चालवा आणि नवा गुणांक काढा.

दुसरी मर्यादा, एकमेकांवर चढणाऱ्या सणांची. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि तिला अधिक महिना सावरत नाही, म्हणून ती सगळ्या ऋतूंतून फिरते. २२ एप्रिल २०२३ ला रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी होत्या. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला आणि अक्षय तृतीया १० मे रोजी. फक्त २०२३ हातात असेल तर त्या गर्दीतली ईदची किती आणि आखाजीची किती, हे कुठल्याही गणिताने सुटत नाही. ते सुटायला सण वेगळे झालेलं वर्ष लागतं. अधिक महिन्याचंही असंच आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता, म्हणजे थेट आपल्या पायाच्या काळात. जुलै-ऑगस्टात एरवीही लग्नं नसतात, पण धोंड्याच्या महिन्यात लेकीजावयाला कपडे घ्यायला घरं बाजारात येतात. तो महिना पायातून वगळावा आणि तसं अहवालाखाली लिहावं.

एवढं सगळं करून दुकानदाराच्या हातात काय येतं? प्रत्येक आठवड्यासमोर तीन रकाने. किती माणसं मोजली, त्या दिवसांचा गुणांक किती, आणि भागून किती आली. पहिला रकाना कधीही काढून टाकू नका. दिवाळीत किती पोरं कामाला लागतील, चहा किती लागेल, हे पहिला रकाना सांगतो. पुढच्या वर्षी दुकान कुठे असेल, हे तिसरा सांगतो. आणि मधला रकाना, म्हणजे गुणांक, उघडा ठेवला तर हिशेब कुणालाही तपासता येतो. ज्या पोराची नोकरी त्या रेषेवर ठरणार आहे, त्यालासुद्धा.